होम लोन दुसऱ्या बँकेत न्यायचंय? आधी हिशोब करा, मग फॉर्म भरा

आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडवर, कासारवडवलीला राहतो. २०१८ मध्ये फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरच्या ऑफिसातच एका हाउसिंग फायनान्स कंपनीचा माणूस टेबल टाकून बसलेला, त्याच्याकडूनच ४४ लाखांचं लोन घेतलं, २० वर्षांसाठी. त्यानंतर सात वर्षं मी त्या लोनकडे ढुंकूनही बघितलं नाही, ईएमआय कटतोय ना मग झालं. २०२५ च्या गणपतीत भाऊ घरी आला होता, त्याने विचारलं तुझा रेट किती चाललाय, मला सांगताच येईना. अ‍ॅप उघडून बघितलं तर ९.४०%. त्याचा ८ च्या आत. आणि वर माझी मुदत मूळ शेड्यूलपेक्षा सहा महिने पुढे गेलेली, ईएमआय वाढलेला तो वेगळाच. तिथून जे सुरू झालं ते जानेवारीत जाऊन संपलं. त्यात जिथे जिथे ठेच लागली ते लिहितोय.

१. तुमचा रेट जास्त का आहे ते आधी समजून घ्या

ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन फ्लोटिंग होम लोन बाहेरच्या बेंचमार्कला जोडावं लागतं, बहुतेक बँका रेपो रेट धरतात. म्हणजे रेट = रेपो + बँकेचा स्प्रेड, आणि निदान तीन महिन्यांतून एकदा तो रीसेट व्हायलाच हवा. हा नियम बँकांना आहे, हाउसिंग फायनान्स कंपन्यांना नाही. त्या स्वतःचा पीएलआर, म्हणजे कंपनीचा आपला मूळ दर, ठरवतात आणि त्यातून तुम्हाला काही डिस्काउंट देतात. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो ६.५० वरून ५.५० वर आला, बँकवाल्यांचे रेट आपोआप उतरले, माझा जेमतेम पाव टक्का हलला. मे २०२२ पासून रेपो ४ वरून चढत गेला तेव्हा मात्र माझा रेट अगदी वेळेवर वाढला होता, ते कसं काय जमतं देव जाणे.

बँकेतच लोन असेल पण २०१९ च्या आधीचं, तर ते एमसीएलआर या बँकेच्या स्वतःच्या दरावर किंवा त्याहून जुन्या बेस रेटवर अडकलेलं असू शकतं. आणि रेपोला जोडलेलं असलं तरी तुमचा स्प्रेड जुना जास्तीचा असू शकतो, नव्या गिऱ्हाइकाला तीच बँक कमी स्प्रेड लावते. सँक्शन लेटर काढा, त्यात बेंचमार्क आणि स्प्रेड दोन्ही लिहिलेले असतात.

२. आधी जुन्या कंपनीतच रेट कमी करून मागा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. एजंटही सांगत नाही, कारण त्याचं कमिशन ट्रान्सफरवर असतं. जुन्या ठिकाणी 'कन्व्हर्जन' किंवा 'रेट स्विच' नावाची सोय असते, थोडी फी भरली की रेट खाली येतो. कागद नाहीत, व्हॅल्युएशन नाही, सोसायटीत खेपा नाहीत.

मला त्यांनी ८.५०% सांगितलं, फी बाकी रकमेच्या पाव टक्का अधिक जीएसटी, म्हणजे १०,६२० रुपये. हा आकडा लिहून ठेवा, कारण खरी तुलना नव्या बँकेचा रेट विरुद्ध तुमचा आजचा रेट अशी नसतेच. ती नवी बँक विरुद्ध जुन्या ठिकाणी कन्व्हर्जननंतर मिळणारा रेट अशी असते. एजंट तुम्हाला पहिली तुलना दाखवतो, त्यात बचत मस्त फुगलेली दिसते.

३. हिशोब (माझाच)

बाकी ३६ लाख (सोपं पडावं म्हणून गोल केलंय), उरलेली मुदत १५६ महिने.

- होतं तसंच ठेवलं, ९.४०%: ईएमआय ४०,०५९
- तिथेच कन्व्हर्जन, ८.५०%: ईएमआय ३८,२०२
- सरकारी बँकेत ट्रान्सफर, ७.७५%: ईएमआय ३६,६९०

एजंटच्या भाषेत महिन्याला ३,३६९ ची बचत. पण कन्व्हर्जनशी तुलना केली तर १,५१२. निम्म्याहून कमी झाली की नाही? आता खर्च. ट्रान्सफरला मला सगळं मिळून २६,५०० च्या आसपास आला (तपशील खाली देतो), कन्व्हर्जनला १०,६२० लागले असते, म्हणजे ट्रान्सफरसाठी जादा गेले १५,८८०. ते १,५१२ ने भागले की साडेदहा महिने. अकराव्या महिन्यापासून खरा फायदा, आणि पूर्ण मुदतीत खर्च वजा जाऊन साधारण सव्वादोन लाख. माझी तेरा वर्षं बाकी होती, घर विकायचा विचार नव्हता, म्हणून मी गेलो.

हाच हिशोब माझ्या साडूचा मांडला तर उलटा निघाला. त्याचे ९ लाख राहिलेत, ४ वर्षं बाकी, रेट ८.५० आणि समोरून ८ ची ऑफर. ईएमआयमध्ये फरक २१२ रुपये. चार वर्षांत दहा हजार वाचणार आणि ट्रान्सफरलाच पंधरा-सोळा हजार जाणार. त्याला म्हटलं गप्प बस, बोनस आला की थोडं प्रीपेमेंट कर. शेवटच्या वर्षांत ईएमआयमधला बराचसा भाग मुद्दलच असतो, व्याज उरलेलंच नसतं तर वाचवणार काय. दोन-तीन वर्षांत घर विकणार असाल तरी हाच प्रकार.

४. मुदत परत २० वर्षं करून घेऊ नका

नव्या बँकेच्या बाई अगदी गोड बोलून म्हणाल्या, "सर, ट्वेंटी इयर्स करूया का, ईएमआय एकदम हलका होईल." खरंच हलका होतो हो, २९,५५४. चाळीस हजारावरून तीस हजारांच्या आत, कोणाला नको वाटेल? पण एकूण व्याज बघा. जुन्या ९.४० वरच राहिलो असतो तर पुढे २६.५ लाख व्याज गेलं असतं. ७.७५ वर २० वर्षं केली तर जवळपास ३५ लाख. रेट १.६५ टक्के कमी आणि व्याज जवळपास साडेआठ लाख जास्त. तीच १५६ महिन्यांची मुदत ठेवली तर २१ लाखांच्या थोडं वर.

मी अजून एक केलं, ईएमआय कमी करूनच घेतला नाही. आधी ४०,०५९ जात होते, तेवढेच जाऊ दे म्हटलं. मग लोन १३५ महिन्यांत संपतं, व्याज १८ लाखांवर येतं. घरात त्या पैशाची सवय नव्हतीच त्यामुळे काही जाणवलं नाही. फॉर्मवर मुदत महिन्यांत लिहा, १३५ म्हणजे १३५. मी एकदा तोंडी सांगितलं तर सँक्शन लेटरवर १८० छापून आलं, ते बदलून घ्यायला चार दिवस गेले.

५. खर्च कुठे कुठे होतो

आधी जो नाही लागत तो सांगतो. फ्लोटिंग रेटचं, वैयक्तिक नावावरचं होम लोन असेल तर जुनी बँक किंवा कंपनी फोरक्लोजर चार्ज, म्हणजे मुदतीआधी लोन बंद केल्याचा आकार, लावू शकत नाही. फिक्स्ड रेट असेल तर लागू शकतो, सँक्शन लेटर वाचा.

माझे गेले ते असे: प्रोसेसिंग फी ५,००० अधिक जीएसटी म्हणजे ५,९००. वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि व्हॅल्युएशन मिळून ७,०००. अ‍ॅग्रीमेंटचे स्टॅम्प, नोटरी, झेरॉक्स वगैरे दीड हजार. आणि सगळ्यात मोठा, जो कुणीच आधी सांगत नाही, तो म्हणजे स्टॅम्प ड्युटी.

महाराष्ट्रात घराचे ओरिजिनल कागद बँकेकडे गहाण ठेवले की त्यावर स्टॅम्प ड्युटी भरावी लागते, मला लोनच्या रकमेच्या ०.३% लागली. ३६ लाखांवर १०,८००. तुम्ही म्हणाल ती २०१८ ला भरली होती की, हो भरली होती, पण तेव्हाचं गहाण जुन्या कंपनीकडे होतं, आता नव्या बँकेकडे नवीन गहाण, परत ड्युटी. त्यासोबत नोटीस ऑफ इंटिमेशन नावाची गोष्ट असते, म्हणजे हे घर अमुक बँकेकडे गहाण आहे असं दुय्यम निबंधकांकडे कळवायचं. ते ३० दिवसांत करायचं असतं, फायलिंगचे १,००० आणि हँडलिंगचे ३०० गेले. ऑनलाइन होतं, बँकेचा माणूस करून देतो, पण तो 'सर्व्हिस चार्ज' म्हणून वर दोन-तीन हजार मागतो, तेव्हा चलन मागा आणि चलनावर आहे तेवढेच द्या.

'झिरो प्रोसेसिंग फी' चा बोर्ड बघून हुरळू नका. स्टॅम्प ड्युटी, लीगल, व्हॅल्युएशन त्यातही असतातच, आणि लॉगिन फी म्हणून जे घेतात ते लोन नाकारलं तरी परत मिळत नाही.

दोन गोष्टी गळ्यात मारायचा प्रयत्न होतो. एक टॉप-अप, गरज नसताना पाच लाख जादा घ्या म्हणतात, स्टॅम्प ड्युटी त्या पाच लाखांवरही लागते. दुसरी लोनसोबतची विमा पॉलिसी, एकरकमी प्रीमियम लोनमध्येच मिसळून टाकतात, मला ८८ हजारांची लावत होते. सक्तीची नसते. टर्म इन्शुरन्स आधीच आहे असं मेलवर लिहून कळवलं, विषय संपला.

६. कागदपत्रं

जुन्या ठिकाणाहून तीन गोष्टी काढायच्या: लोनचं स्टेटमेंट (निदान वर्षभराचं), एलओडी म्हणजे तुमचे कोणकोणते ओरिजिनल कागद त्यांच्याकडे आहेत त्याची यादी, आणि फोरक्लोजर लेटर. पहिल्या दोन लगेच मागा. तिसरं शेवटी, का ते पुढे सांगतो.

तुमच्याकडचे:

- पॅन, आधार, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, दोन वर्षांचे फॉर्म १६, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, सहअर्जदाराचं पण सगळं
- रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंटची पूर्ण झेरॉक्स, इंडेक्स टू, रजिस्ट्रेशनची पावती. रीसेलचं घर असेल तर आधीच्या सगळ्या मालकांचे अ‍ॅग्रीमेंट पण
- ओसी, मालमत्ता कराची पावती, मेंटेनन्स बिल
- शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीची एनओसी

सोसायटीची एनओसी नव्या बँकेच्या नावाने आणि त्यांच्याच फॉरमॅटमध्ये लागते. फॉरमॅट घेऊन पहिल्याच दिवशी सेक्रेटरी काकांना नेऊन द्या. आमची कमिटी महिन्यातून एका रविवारी बसते, तो रविवार हुकला तर महिना गेला, आणि मेंटेनन्स थकलेला असेल तर आधी तो भरा, नाहीतर कागद हलत नाही.

नवी मुंबईकरांसाठी वेगळं सांगतो. साडू खारघरला सिडकोच्या घरात राहतो. सिडकोची जमीन लीजवर असते, तिथे गहाण ठेवायला सिडकोची एनओसी लागते आणि ती बँकेच्या नावाने मिळते. म्हणजे बँक बदलली की एनओसीही नवीन. ते काम आधी सुरू करा, बाकीचं त्याच्यामागून.

अर्ज एकाच ठिकाणी करा, फार तर दोन. एजंट तुमचे कागद चार बँकांत टाकतो, चारही सिबिल तपासतात आणि त्या चार एन्क्वायऱ्या रिपोर्टवर दिसत राहतात.

७. फोरक्लोजर लेटर आणि चेकची तारीख (इथे मी फसलो)

फोरक्लोजर लेटरवर एक तारीख असते, त्या तारखेपर्यंत इतके पैसे भरले तर लोन बंद. खाली बारीक अक्षरात रोजचं व्याज असतं. लेटर लवकर काढलं तर सँक्शन होईपर्यंत तारीख निघून जाते, म्हणून आधी सँक्शन हातात घ्या, लीगल आणि व्हॅल्युएशन होऊ द्या, मग लेटर मागा. लेटर मागितलं की रिटेन्शनवाल्यांचे फोन सुरू होतात. मला म्हणाले ८.३५ करून देतो सर. मी म्हटलं मेलवर पाठवा. मेल काही आला नाही.

माझं लेटर २५ डिसेंबरपर्यंतचं होतं. नव्या बँकेने चेक २४ ला छापला, पण एका साहेबांची सही राहिली, ते सुट्टीवर, पंचवीसला नाताळ, पुढे शनिवार-रविवार. चेक जुन्या कंपनीत पोचला २९ ला. रोजचं व्याज ९२७ रुपये, चार दिवसांचे ३,७०८ कमी पडले. मला वाटलं कळवतील. त्यांनी ३६ लाख जमा करून घेतले आणि ३,७०८ साठी लोन उघडंच ठेवलं. मी आठवड्याने कागद कधी मिळणार विचारायला गेलो तेव्हा काउंटरवरचा मुलगा स्क्रीनकडे बघत म्हणाला, "तुमचं तर क्लोजच नाही झालं सर."

आणि दुसऱ्या बाजूला नव्या बँकेचं व्याज चेक छापला त्या दिवसापासून चालू झालं होतं, रोजचे ७६४. म्हणजे तो चेक एखाद्या ड्रॉवरमध्ये पडून होता त्या प्रत्येक दिवसाचे मी दोन्हीकडे मिळून १,६९१ भरत होतो.

तेव्हा हे करा. चेक ऐवजी आरटीजीएस होतंय का विचारा. होत नसेल तर ज्या दिवशी तुम्ही स्वतः न्यायला जाणार त्याच सकाळी छापून घ्या. रक्कम लेटरच्या तारखेची नको, लेटरची तारीख अधिक पाच दिवसांच्या व्याजाची सांगा, जास्तीचे परत येतात. जोडून सुट्ट्या असतील तो आठवडा टाळा. आणि भरल्यावर दोन दिवसांनी बाकी शून्य दाखवणारं स्टेटमेंट मागा. शून्य म्हणजे शून्य, साडेतीनशे रुपये बाकी असले तरी पुढचं सगळं थांबतं.

ईएमआयचा पण घोळ होतो. माझा हप्ता पाच तारखेचा, मॅन्डेट रद्द व्हायला वेळ लागतो, त्यामुळे जानेवारीत जुना हप्ता कटलाच. परत आला, पण अकरा दिवसांनी. त्या महिन्यात खात्यात जादाची तरतूद ठेवा, नाहीतर नव्या बँकेचा पहिलाच हप्ता बाउन्स व्हायचा.

८. ओरिजिनल कागद परत घेणं

१ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, लोन पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत ओरिजिनल कागद परत द्यायचे, त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद हरवले तर डुप्लिकेट काढायला मदत करायची आणि खर्चही त्यांचा, त्यासाठी त्यांना अजून ३० दिवस मिळतात. पण हे ३० दिवस लोन शून्य झाल्यावर मोजतात, माझ्या ३,७०८ ने तेच घड्याळ अडवून ठेवलं होतं.

सगळ्या अर्जदारांना बोलावतात, आम्हाला माहीत नव्हतं, बायकोला ऐरोलीहून हाफ डे टाकून यावं लागलं. काउंटरवर एक जाड पिवळं पाकीट देतात आणि सही करा म्हणतात. सही आधी करू नका. एलओडी समोर ठेवा आणि एकेक कागद टिक करत जा. आम्ही बसलो तिथेच बाकावर, अ‍ॅग्रीमेंटची पानं मोजली, इंडेक्स टू सापडलं, शेअर सर्टिफिकेट सापडलं, रजिस्ट्रेशनची मूळ पावती नाही. यादीत आहे, पाकिटात नाही. तो म्हणाला झेरॉक्स आहे ना सर. झेरॉक्स काय करायचीय, नवी बँक ओरिजिनल मागणार आणि उद्या घर विकताना घेणारा मागणार. मी पोचपावतीवर "मूळ पावती मिळाली नाही" असं हाताने लिहून सही केली आणि त्याचा फोटो तिथूनच मेल केला. नवव्या दिवशी पावती आली, दुसऱ्या कोणाच्या तरी फाइलला लागली होती म्हणे.

कागदांसोबत नो ड्यूज लेटर घ्या. २०१८ ला गहाणाचं डीड रजिस्टर केलेलं असेल तर त्यांच्याकडून रिलीज डीडही करून घ्यावं लागतं, नुसती नोटीस फाइल केली असेल तर भानगड कमी असते. सेरसाई म्हणजे गहाण मालमत्तांची केंद्रीय ऑनलाइन नोंद, तिथे त्यांचा बोजा उतरवलाय का ते विचारा, बोजा उतरवायचं काम जुन्या कंपनीचं असतं. नवी बँक कागद ठराविक दिवसांत जमा करायला सांगते, उशीर झाला तर काही जण दंडाचं व्याज लावतात, त्यामुळे मेलची साखळी जपून ठेवा.

९. उरलेली दोन-तीन कामं

सोसायटीत नो ड्यूज लेटरची कॉपी देऊन रजिस्टरमधलं जुन्या कंपनीचं नाव काढून नव्या बँकेचं लावून घ्या. नव्या बँकेकडून त्यांच्याकडे जमा केलेल्या कागदांची यादी शिक्क्यासकट घ्या, हीच तुमची पुढची एलओडी.

जुन्या टॅक्स रेजीममध्ये असाल तर त्या आर्थिक वर्षाची व्याजाची सर्टिफिकेटं दोन्हीकडून लागतात. जुन्या ठिकाणचं लॉगिन लोन बंद झालं की बंद पडतं, माझं पडलं, मग सर्टिफिकेटसाठी परत त्याच काउंटरवर जाऊन अर्ज लिहून द्यावा लागला. लॉगिन चालू आहे तोवर सगळी स्टेटमेंट डाउनलोड करून ठेवा. आणि दोन महिन्यांनी सिबिल काढून बघा, जुनं लोन 'क्लोज्ड' दिसायला हवं. माझं मार्चमध्ये दिसलं.